ती ‘नाही’ कुठं म्हणालीय?

माझा मेहुणा चौतीस वर्षांचा आहे. सांगलीत एका बँकेत अधिकारी आहे. इंजिनिअरिंगला असताना वर्गातली एक मुलगी त्याला आवडायला लागली आणि ती अजूनही आवडते. ती आता बंगळुरूला असते. त्यानं तिला कधी विचारलं नाही. तिनंही कधी काही सांगितलं नाही. अधूनमधून तिचा मेसेज येतो, कधी फोन येतो, कधी नुसता एखाद्या फोटोवर बदाम येतो, आणि आमचे हे साहेब पुढचे दोन-तीन महिने त्यावर काढतात. गेल्या महिन्यात त्यानं एक चांगलं स्थळ फोटोसुद्धा न बघता परत पाठवलं, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला समोर बसवलं. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्या रात्री दोघांचं जे बोलणं झालं ते दोघांना विचारून, ओळख पटेल ते बदलून इथं देतोय. मी मध्ये फार बोललो नाही. मेहुण्याच्या प्रेमात दाजीनं पडू नये.

ताई: आधी एवढंच सांग, तू वाट कशाची बघतोयस?

भाऊ: तिच्या मनात काहीतरी आहे. ते तिला तिचं कळायची.

ताई: आहे, हे कशावरून?

भाऊ: तुला मिरजेचं सांगितलं होतं ना? चुलतबहिणीच्या लग्नाला ती पुण्याला चालली होती. आदल्या रात्री तिचा मेसेज आला, गाडी मिरजेला पंधरा मिनिटं थांबते, येशील का? पहाटे साडेपाचला मी प्लॅटफॉर्मवर. भडंगाची पुडी घेऊन गेलो होतो. ती डब्याच्या दारात उभी होती, मला बघून खाली उतरली. आम्ही चहा घेतला. गाडी सुटताना म्हणाली, तुझ्याशी बोललं की बरं वाटतं रे. असं कुणी उगीच म्हणतं का?

ताई: उगीच नाही म्हणत. तिला बरं वाटलंच असणार. ती खोटं बोलली असं मी म्हणतच नाहीये.

भाऊ: मग?

ताई: मग पुढं काय झालं ते सांग. त्या पंधरा मिनिटांनंतर.

भाऊ: पुण्याला पोचल्यावर तिनं भडंगाचा फोटो टाकला होता.

ताई: त्यानंतर?

(इथं तो थांबला. नंतरचे तीन महिने ‘हो’, ‘मस्त’, अंगठा, असंच गेलं होतं. हे त्यालाही माहीत होतं, पण सांगताना तो नेहमी गाडी सुटण्यापाशीच गोष्ट संपवतो.)

ताई: फोन आण. तुमच्या गप्पा उघड. मी वाचणार नाही, तूच वाच. मी विचारीन तेवढ्याचंच उत्तर दे. गेल्या दिवाळीपासूनचं बोलणं बघ. सुरुवात कुणी केली?

भाऊ: बहुतेक मी. पण तिनंही केलीय. हे बघ, पाच... सहा वेळा.

ताई: त्या सहाच्या सहा वेळा काय होतं ते सांग.

भाऊ: एक माझा वाढदिवस. एकदा तिला गृहकर्जाचा व्याजदर विचारायचा होता. एक मिरज. एकदा तिचे बाबा हॉस्पिटलात होते, रात्री तिनं फोन केला, आम्ही तासभर बोललो. ती रडली. बाकीच्यांना तिनं केला असेल का असा फोन? एकदा ऑफिसात कुणाशी तरी भांडण झालं होतं. आणि एकदा नुसतंच, ‘काय रे, विसरलास का?’

ताई: हे ‘विसरलास का’ कधीचं?

भाऊ: जूनमधलं.

ताई: त्याच्या आधी तू किती दिवस गप्प होतास?

भाऊ: ऑडिट चालू होतं. तीनेक आठवडे.

ताई: बरं. आता शेवटचं. या सहांतल्या कुठल्या बोलण्यात तिनं पुढची भेट ठरवली? वार, वेळ, जागा. ‘भेटू या कधीतरी’ धरायचं नाही.

भाऊ: मिरज.

ताई: मिरज ही भेट होती. मिरजेत पुढची ठरली का?

भाऊ: नाही.

ताई: आणि कोल्हापूर?

कोल्हापूरचं मलाही माहीत होतं. मार्चमध्ये ती मैत्रिणींबरोबर चार दिवस कोल्हापुरात होती. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, तांबडा-पांढरा, सगळं स्टेटसला होतं. सांगलीहून कोल्हापूर म्हणजे तास-दीड तासाचा रस्ता. तिनं याला कळवलं नव्हतं. त्यानं मला तेव्हा सांगितलं होतं, की मैत्रिणींबरोबर असताना कसं बोलवणार, अवघडल्यासारखं होतं. मी मान डोलावली होती. माझ्या बायकोनं ती डोलावली नाही.

ताई: हे बघ, ती वाईट आहे असा याचा अर्थ होत नाही. गाडी तुझ्या गावावरून जात होती, तुझी आठवण झाली, तिनं बोलावलं. यात प्रेमळपणा आहेच. पण तुला भेटायला तिनं स्वतःची वाट कधी वाकडी केली का? बाबा आजारी होते, ऑफिसात भांडण झालं, कर्ज काढायचं होतं, या सगळ्यात तिला तुझा आधार वाटला. तिचं सगळं ठीक चाललेलं असतं आणि मोकळा वेळ असतो, तेव्हा तिच्या मनात तू येतोस का? मला ते कोल्हापुरात दिसत नाही.

भाऊ: तू हिशेब मांडतेयस. माणसाच्या मनाचं असं खतावणीत येतं का?

ताई: बँकेतल्या माणसानं हे विचारावं! कर्ज देताना गिऱ्हाईक गोड बोलतं म्हणून देतोस, की हप्ते आले का ते बघतोस?

भाऊ: ताई, ती माझं कर्ज फेडायला बसलेली नाही.

ताई: बरोबर. हे मी मागं घेते. ती तुझं काहीच लागत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच, की तू तिच्या उबेचा पुरावा गोळा करतोस. ऊब आहे, मान्य. त्या उबेतून पुढचं पाऊल पडतं का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो तू बारा वर्षांत स्वतःला विचारलेला नाहीस.

भाऊ: पण ती ‘नाही’ कुठं म्हणालीय?

ताई: तू विचारलंयस कुठं?

यावर मेहुणा हसला. तो हसला की बहीण विरघळते, हा त्यांच्या घरातला जुना नियम आहे, पण त्या रात्री तो चालला नाही. ती उठून आतून एक पुस्तक घेऊन आली आणि परत बसली. पुस्तक उघडलं मात्र नाही. शिक्षकांना हातात पुस्तक लागतं.

ताई: स्किनर नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. तो आणि फर्स्टर यांनी कबुतरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, 1957 साली त्याचं जाडजूड पुस्तक काढलं. पेटीत कबुतर, समोर बटण. काही कबुतरांना बटणावर चोच मारली की दर वेळी दाणा मिळायचा. काहींना कधी तिसऱ्या चोचीला, कधी चाळिसाव्या, कधी सातव्या, काही नेम नाही. मग दाणा पूर्ण बंद केला. पहिली लवकर थांबली. दुसरी मारतच राहिली. का? पहिल्यांना बदल लगेच कळला. दुसऱ्यांना दाणा न मिळण्याची सवयच होती, त्यामुळं दाणा बंद झालाय हे त्यांना कळायलाच मार्ग नव्हता.

भाऊ: मी कबुतर नाही.

ताई: नाहीस, आणि तिथंच तुझी पंचाईत आहे. कबुतर नुसतं चोच मारतं. मधल्या रिकाम्या वेळेत ते गोष्टी रचत नाही. तू रचतोस. तिनं तीन महिने नीट उत्तर दिलं नाही, तर कामात असेल. कोल्हापुरात कळवलं नाही, तर अवघडली असेल. ती दर आठवड्याला नीट मैत्रिणीसारखी बोलत असती, तर तुला कधीच उमगलं असतं की ही मैत्री आहे. ती अजिबात बोलली नसती, तरी उमगलं असतं. हे मधलं जे आहे, तेच धरून ठेवतं.

भाऊ: म्हणजे ती मुद्दाम दाणे टाकते?

ताई: मुळीच नाही. तिला पत्ताही नसेल. तिला आठवण येते तेव्हा ती बोलते, नाही येत तेव्हा नाही बोलत. सगळेच मित्र असं करतात. मीही माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला वर्षातून दोनदा फोन करते आणि तासभर बोलते. फरक एवढाच की ती मैत्रीण मधले महिने माझ्या फोनची वाट बघत बसत नाही.

भाऊ: पण प्रेम सावकाशही होतं ना गं? तुझ्यासमोर बसलेत की. दाजी तुला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा तू म्हणाली होतीस, फार बोलतात. नंतर आवडलेच ना?

(हा आरोप खरा आहे.)

ताई: आवडले, कारण त्यांचं येणंजाणं होतं. आठ दिवसांनी यायचं ठरलं की आठव्या दिवशी यायचे. सावकाश होणाऱ्या प्रेमातही काहीतरी पुढं सरकत असतं. या वर्षी गेल्या वर्षापेक्षा जास्त माहीत असतं, जास्त ठरलेलं असतं. तुझं या दिवाळीचं आणि पाच दिवाळ्यांपूर्वीचं बोलणं शेजारी ठेव. काय बदललंय?

तो फोनवर बराच वेळ मागं मागं जात राहिला. काय सापडलं ते त्यानं सांगितलं नाही. मग अचानक त्यानं असा एक मुद्दा काढला की मी सरसावून बसलो, कारण तो माझ्या प्रांतातला होता.

भाऊ: दाजी, तुम्हीच मागं सांगत होतात, त्या आयरिश कवीचं. येट्स. त्यानं तर आयुष्यभर वाट बघितली. नसती बघितली तर त्या कविता झाल्या असत्या का?

मी: सांगत होतो खरं. पण तारखा सांगितल्या नव्हत्या. येट्सला मॉड गॉन पहिल्यांदा भेटली 1889 च्या जानेवारीत, लंडनमध्ये. तो तेवीस वर्षांचा, ती बावीस. 1891 मध्ये त्यानं लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली, मैत्री राहू दे म्हणाली. तिचं तेव्हा पॅरिसमध्ये एका विवाहित फ्रेंच पत्रकाराशी नातं होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. 1898 च्या डिसेंबरमध्ये तिनं ते सगळं त्याच्यापाशी उघड केलं, त्याला जवळ घेतलं, आपलं नातं आत्म्याचं आहे असंही सांगितलं, आणि लग्न शक्य नाही हेही त्याच वेळी सांगितलं.

ताई: मिरज.

मी: मिरजच. त्यानं त्यातलं पहिलं ऐकलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा पुन्हा विचारलं. 1903 मध्ये तिनं मॅकब्राइड नावाच्या सैनिकाशी लग्न केलं. ते फार टिकलं नाही. 1916 च्या डब्लिनमधल्या उठावानंतर ब्रिटिशांनी मॅकब्राइडला गोळ्या घातल्या, आणि त्याच उन्हाळ्यात येट्सनं तिला शेवटचं विचारलं. पुन्हा नकार. मग त्यानं तिच्या मुलीला विचारलं. तिनंही नकार दिला.

भाऊ: मुलीला?

मी: मुलीला. ही गोष्ट सांगताना लोक सहसा इथवर येत नाहीत. 1917 च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं जॉर्जी हाइड-लीस नावाच्या मुलीशी लग्न केलं. तो बावन्न वर्षांचा, ती पंचवीस. त्यांना दोन मुलं झाली. 1923 मध्ये नोबेल मिळालं. आणि त्याच्या कवितेतला फार मोठा भाग, ‘द टॉवर’सारखे संग्रह, त्या लग्नानंतरचा आहे. तेव्हा वाट बघण्यानं कविता झाल्या हे अर्धंच खरं. मॉड गॉननं स्वतःच पुढं लिहिलंय, की मी तुझ्याशी लग्न केलं नाही याबद्दल जग माझे आभार मानील, असं मी त्याला सांगितलं होतं.

ताई: तू कविता करतोस का रे?

भाऊ: नाही.

ताई: मग झालं.

या ‘मग झालं’वर दोघंही हसले, पण मला ते जरा अन्यायाचं वाटलं. येट्सच्या गोष्टीत माझ्या मेहुण्याच्या बाजूचंही काही आहे. त्यानं विचारलं, दर वेळी उत्तर मिळालं, तरीही तो थांबला, आणि ती मैत्री दोघांना शेवटपर्यंत पुरली. मेहुण्याकडं मात्र थांबण्याचा निर्णयसुद्धा नाही. तो थांबलाय कारण काही ठरलेलं नाही.

भाऊ: बरं, धरून चालू, मी वेडा आहे. पण मी कुणाचं काय वाईट करतोय? तिला त्रास देत नाही, मागं लागत नाही. माझं मी थांबलोय.

ताई: स्केल दोनच्या परीक्षेला गेल्या वर्षी का बसला नाहीस?

भाऊ: बढतीबरोबर बदली होते. नागपूर, भोपाळ, कुठंही टाकतात.

ताई: आणि?

भाऊ: ती म्हणाली होती, पुण्याला यायचा विचार चाललाय.

ताई: हे कधी म्हणाली?

भाऊ: दोन वर्षं झाली.

ताई: तिला माहीत आहे का, तिच्या एका वाक्यावर तू बढती सोडलीस ते? कळलं तर तिला आनंद होईल की धसका बसेल? आणि त्या विट्याच्या मुलीचं काय? मागच्या वर्षी आईच्या आग्रहानं तू तिला बघायला गेलास. ती तुला चार प्रश्न विचारत होती आणि तू टेबलाखाली फोन बघत होतास. मी शेजारी होते. ती मुलगी घरी जाऊन काय म्हणाली असेल? आपल्यातच काही कमी आहे, असंच ना? तू कुणाचं वाईट करत नाहीस म्हणतोस. तिचं केलंस.

मला वाटतं, त्या रात्री खऱ्या अर्थानं त्याला लागलं ते हे. कबुतरांनी काही झालं नाही, येट्सनं तर नाहीच. त्या मुलीचं नाव त्याला आठवत नव्हतं, आणि आपल्याला ते आठवत नाही याची त्याला लाज वाटली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

भाऊ: मग काय करू? सरळ ब्लॉक करू?

ताई: आधी तिला विचार. डॉरथी टेनोव्ह म्हणून एक अभ्यासक होती. तिनं या असल्या ओढीवर शेकडो लोकांशी बोलून 1979 मध्ये पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं, ही ओढ दोन गोष्टींवर जगते, थोडी आशा आणि थोडी अनिश्चितता. दोन्ही एकदम लागतात. ती संपते तीन वाटांनी. समोरच्यानं मनापासून हो म्हटलं तर, आशेला काहीच खायला मिळालं नाही तर, किंवा जीव दुसऱ्या कुणावर जडला तर. तू तिन्ही वाटा बंद करून बसलायस. विचारत नाहीस म्हणून पहिली बंद. तिचं स्टेटस रोज बघतोस म्हणून दुसरी बंद. आणि स्थळाचा फोटो उघडत नाहीस म्हणून तिसरी.

भाऊ: विचारलं आणि मैत्रीच तुटली तर?

ताई: ही मैत्री आज तरी कुठं आहे? ती तुझ्याशी मैत्रिणीसारखी बोलते, तू तिच्याशी मित्रासारखं बोलत नाहीस. तू प्रत्येक वाक्यात काहीतरी शोधत असतोस. आणि हे तिला माहीत नाही.

भाऊ: कसं विचारायचं? मेसेज टाकू?

ताई: मेसेज नको. रात्री अकराला तर नकोच. फोन कर, दिवसा, आधी सांगून, की मला अर्धा तास हवाय. भेटवस्तू नको, बारा वर्षांचा पाढाही वाचू नकोस, तिच्यावर ओझं होईल. सरळ सांग. मला तू मैत्रिणीपेक्षा जास्त आवडतेस. तुलाही तसं वाटत असेल तर मला पुढं जायचंय. नसेल तर तेही मोकळेपणानं सांग. आणि नाही म्हणालीस तर मी काही महिने बोलणार नाही, कारण...

भाऊ: थांब. हे शेवटचं मी म्हणणार नाही.

ताई: का? खरंच तर आहे.

भाऊ: खरं आहे, पण उत्तराच्या आधी म्हटलं तर ती धमकी होते. हो म्हण, नाहीतर मी चाललो. तिला माझी मैत्री हवी असेल आणि त्या भीतीनं ती गुळमुळीत काहीतरी म्हणाली, तर पुन्हा तेच. आधी तिचं उत्तर होऊ दे. मग सांगीन, मला थोडा वेळ लांब राहावं लागेल.

ताई गप्प झाली. मग म्हणाली, ‘तुझं बरोबर आहे.’ माझ्या संसारात हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

ताई: उत्तर ऐकताना मात्र कान जागेवर ठेव. बाउमायस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक अभ्यास केला होता. एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजू त्यांनी लोकांकडून लिहून घेतल्या. प्रेम करणारे म्हणाले, समोरच्यानं आम्हाला आशा लावली, स्पष्ट काही सांगितलंच नाही. नकार देणारे म्हणाले, आम्ही तर सांगितलं होतं. गंमत म्हणजे नकार देणाऱ्यांचे अनुभव जास्त कडू होते. त्यांनी काही मागितलेलं नसतं, आणि तरी दुखावण्याचं पाप त्यांच्या माथी. प्रेमात पडलेल्यानं काय करायचं हे हजार सिनेमांनी शिकवलंय. मागं लागायचं, थांबायचं, शेवटी ती हो म्हणतेच. नाही कसं म्हणायचं हे कुणी शिकवलेलं नाही. म्हणून माणूस ते मऊ करून म्हणतो. ‘तू खूप चांगला आहेस.’ ‘सध्या माझ्या डोक्यात लग्नच नाही.’ ‘मी तुला कधी त्या नजरेनं बघितलं नाही रे.’ ही सगळी ‘नाही’च आहेत.

भाऊ: ‘सध्या’ म्हणाली तर नंतर...

ताई: बघ! तू ‘सध्या’ला धरलंस. ज्याला हवं असतं तो ‘सध्या नको’ म्हणताना पुढचं काहीतरी सांगतो. बाबांचं ऑपरेशन होऊ दे, मग बोलू, असं. आणि मग तो स्वतः बोलतो.

भाऊ: आणि ‘विचार करून सांगते’ म्हणाली तर?

ताई: तर एकदाच वेळ दे. तीन-चार आठवडे. आठवण करून द्यायची नाही. तिनं आपणहून काही सांगितलं नाही तर ते उत्तरच समज. एकदा नाही आलं की पुन्हा विचारायचं नाही. त्यानंतर विचारणं म्हणजे तिला त्रास देणं.

भाऊ: समजा नाही म्हणाली. पुढं?

ताई: पुढचे काही आठवडे वाईट जातील. त्या कबुतरांचं एक सांगायचं राहिलं. दाणा बंद केला की ती लगेच थांबत नाहीत. आधी आणखी जोरजोरात चोची मारतात. तुझंही तसंच होईल. दहा वेळा फोन हातात घेशील, जुने फोटो उघडशील, वाटेल की बघ, हे एवढं खरं प्रेम आहे म्हणूनच एवढं दुखतंय. ते तसं नसतं, सवय तुटताना असंच होतं. तिचं स्टेटस म्यूट कर, गप्पा अर्काइव्हमध्ये टाक. ब्लॉक करू नकोस, तिनं तुझं काही वाईट केलेलं नाही. आणि एक गोष्ट नक्की होईल असं समजून चाल. तू गप्प झालास की कधीतरी तिचा मेसेज येईल, ‘काय रे, विसरलास का?’

भाऊ: तेव्हा?

ताई: तेव्हा लक्षात ठेव, की हा जूनमध्येही आला होता. तिला तुझी आठवण आली, एवढाच त्याचा अर्थ. नम्रपणे सांग, मी ठीक आहे, अजून थोडा वेळ हवाय. तेवढ्यावर थांब.

भाऊ: आणि ती हो म्हणाली तर?

ताई: तर मी स्वतः बंगळुरूला येईन. भडंग घेऊन.

मला कुणी निकाल विचारला नव्हता, पण लिहायला बसलोय तर सांगतो. कौल ताईचा. अधूनमधून मिळणारी माया खरी असते, म्हणूनच ती फसवते. खोटी असती तर बारा वर्षांत कधीतरी उघडी पडली असती. मात्र ती पुढचा वार आणि पुढची जागा ठरवत नसेल, तर तिच्या भरवशावर बढती सोडू नये आणि दुसऱ्या घरची मुलगी बघायलाही जाऊ नये. ताईशी माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे. तिचा सगळा भर बंगळुरूच्या मुलीच्या उत्तरावर होता. मला वाटतं, मेहुण्याचा निर्णय तिच्या उत्तराच्या आधी व्हायला हवा होता. ती काहीही म्हणो, पुण्याच्या आशेवर सांगलीत बसायचं नाही, एवढं त्याचं त्याला ठरवता येत होतं.

ते त्यानं ठरवलं. तिला फोन रविवारी करायचा असं ठरलं होतं. बढतीच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत शुक्रवारी संपत होती. तो अर्ज त्यानं गुरुवारी रात्रीच भरला, आणि बदलीसाठी पसंती विचारली होती त्या रकान्यात ‘कुठेही’ लिहिलं.